लाडक्या बाईंच्या निरोपाचं भाषण: तुमचे अनुभव सांगा

लेक नववीत, वर्गाची प्रतिनिधी. भूगोलाच्या बाई शाळा सोडून नाशिकला चालल्यात, शनिवारी निरोप समारंभ. लेकीला बोलायला तीन मिनिटं आहेत. तिने लिहिलंय ते सगळं 'दीपस्तंभ', 'ज्ञानाचा सागर' छापाचं. कुणी असं भाषण केलंय किंवा ऐकलंय का?

निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ: तीन मिनिटं म्हणजे जेमतेम तीनशे शब्द. त्यात सगळ्या मान्यवरांची नावं घेत बसली तर अर्धं मिनिट तिथेच जातं. ती सूत्रसंचालकाने घेतलेली असतात. बाईंचं शिक्षण, नोकरीची वर्षं मुख्याध्यापक सांगतीलच. मुलीने बाकावरून जे दिसलं तेच सांगावं. आमच्या एका मुलाचं भाषण असं होतं: "बाईंनी 1961 चा पानशेतचा पूर शिकवला आणि म्हणाल्या, पाणी कुठवर आलं होतं ते घरी विचारून या. आमच्या आजीने वरच्या मजल्याच्या खिडकीकडे बोट दाखवलं. आता पूर म्हटलं की मला पुस्तकातलं चित्र आठवत नाही, ती खिडकी आठवते." पुढे 'आदर्श शिक्षिका' वगैरे म्हणायची गरजच पडली नाही. बाई पर्समध्ये रुमाल शोधत होत्या.

वक्तृत्ववाला: पाठच करायला लावा. हातात कागद आला की भाषण मेलं.

निवृत्त शिक्षिका: स्पर्धेत खरं आहे ते. इथे बाई समोरच बसलेल्या असतात. आवाज दाटून आला की पाठ केलेलं एक वाक्य निसटतं आणि त्यामागून पुढची सगळी. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पहिलं आणि शेवटचं वाक्य पूर्ण लिहावं, मधल्या प्रसंगांचे नुसते दोन-चार शब्द.

हडपसरचे काका: आमच्या दहावीच्या निरोपाला आम्ही शाळेला भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. वर्गणीवरून काय भांडणं झाली!

धागाकर्ती: काका, मुलं नाही, बाई चालल्यात. पण वर्गणीचं भांडण इथेही झालंय.

इंजिनिअरिंगचा विद्यार्थी: मी गणिताच्या सरांची नक्कल केली होती, "तिसरा बाक, झोप झाली का?" सर पोट धरून हसले. दुसऱ्या एका बाईंना मात्र ते आगाऊपणाचं वाटलं. एक नक्की सांगतो, 'तुमच्यासारखं कुणीच शिकवत नाही' हे वाक्य काढून टाका. बाकीचे शिक्षक तिथेच बसलेले असतात, आणि सोमवारी तास त्यांचाच असतो.

धागाकर्ती: लेकीला एक सापडलंय. नकाशात कुणी नदी उलट्या दिशेने काढली की बाई फुली मारत नसत, शेजारी लिहीत, "पाणी डोंगर चढतंय का?" ती वहीच घेऊन बोलायला उभी राहणार म्हणते. नक्कल करावी की नाही यावर मात्र घरात दोन तट आहेत. तिच्या बाबांचा साफ विरोध आहे, आजी म्हणते बिनधास्त कर.