मदत हवी आहे: मैत्रिणीच्या वहीच्या पानाचा फोटो आहे, उजळणीचे मुद्दे काढायचेत

कळवा_अकरावी
सोमवारी युनिट टेस्ट आहे आणि या धड्याची लेक्चर्स माझी बुडली. मैत्रिणीने वहीच्या पानाचा फोटो पाठवला, पण तिने तिच्या भाषेत लिहिलंय. फोटो भाषांतराच्या ॲपमध्ये घातला तर काहीच्या काही आलं. कुणीतरी वाचून पाच-सहा मुद्दे काढून द्या प्लीज. फोटो जोडलाय. लवकर सांगा.

पाचपाखाडी
तिची भाषा म्हणजे कोणती? विषय कोणता? फोटोत अर्ध्या पानावर मोबाईलची सावली पडलीय आणि वरची ओळ कापली गेलीय.

ऐरोलीची आई
मी माझ्या मुलीला दुसऱ्याच्या वह्यांवर अवलंबून राहूच देत नाही. पाठ्यपुस्तकातला धडा दोनदा वाच, सोडवलेली उदाहरणं कर. पानाची गरजच पडणार नाही.

कळवा_अकरावी
काकू, पुस्तक वाचलंय. पण सर टेस्टला वर्गात सोडवलेल्या गणितासारखंच गणित देतात, आणि ते याच पानावर आहे. भाषा गुजराती, विषय अकाउंट्स, धडा घसारा. ॲपमधून आलेलं खाली देते.

यंत्र 9,90,000. उभारणी 90,000. एकूण 9,20,000. भंगार 20,000. आयुष्य 90 वर्षे. पहिला घसारा 5,000, दुसरा 90,000. मग 'घसारा खाते 3', त्याखाली 'ते यंत्र खाते'.

हे 3 कसले? आणि घसारा दरवर्षी इतका वाढतो का?

ठाणे_पूर्व
अगं, गुजराती म्हणजे शिरोरेषा काढलेली देवनागरीच. ॲप बंद कर आणि सरळ वाचायला लाग, तासाभरात जमेल.

पाचपाखाडी
ग, न, प, म, स जमतील. क, ख, ज, ब दिसायला वेगळेच असतात. परीक्षा दोन दिवसांवर असताना तिला लिपी शिकायला लावू नका.

मसाला_मार्केट
मी वाशीला एपीएमसीत एका गुजराती पेढीवर बरीच वर्षं हिशेब लिहिला, आता कोपरखैरण्यात घरी असतो. पान पाहिलं. बेटा, आधी आकडे नीट करू, मुद्दे नंतर.

तुझं ॲप गुजराती एक ओळखत नाही. तो आपल्या मराठी १ सारखाच असतो, पण इंग्रजी आकडे धरून बसलं की तो 9 वाटतो. पडताळा पानावरच आहे. 9,90,000 मध्ये 90,000 मिळवले तर 9,20,000 होत नाहीत. जिथे जिथे 9 आलाय तिथे १ घाल: १,१०,००० अधिक १०,००० बरोबर १,२०,०००. बेरीज जुळली. आयुष्य १० वर्षे, ९० वर्षे चालणारं यंत्र गणितात कुणी देत नाही.

ते 3 म्हणजे 'उ', उधार. हाताने लिहिलेला उ आणि ३ दोन्ही लिप्यांत एकमेकांसारखेच दिसतात.

ठाणे_पूर्व
उधार म्हणजे यंत्र उधारीवर घेतलंय. मग धनकोचं खातं पण यायला हवं. मैत्रिणीने ते लिहायचं सोडलेलं दिसतंय.

मसाला_मार्केट
नाही हो. आपल्याकडे दुकानात उधार म्हणजे पैसे नंतर, ते बरोबर. पण गुजराती वहीत उधार ही बाजू असते, मराठीत आपण नावे म्हणतो, ही मुलं डेबिट म्हणतात. तसंच पुढच्या ओळीतला 'ते' म्हणजे इंग्रजी नोंदीतला 'टू'. म्हणजे घसारा खाते डेबिट, टू यंत्र खाते. नोंद पूर्ण आहे.

आता ५,०००. (१,२०,००० − २०,०००) ÷ १० = १०,०००. हा सरळ रेषेच्या पद्धतीचा वर्षाचा घसारा, आणि तो दरवर्षी तेवढाच राहतो. पहिल्या वर्षी निम्मा आलाय म्हणजे यंत्र वर्षाच्या मध्येच घेतलं असणार. खरेदीची तारीख कापलेल्या वरच्या ओळीत असेल. मैत्रिणीकडून फोटो परत मागव. खिडकीजवळ, बरोब्बर वरून, फ्लॅश न लावता, पानाच्या चारही कडा दिसतील असा.

घणसोली_गावठाण
एपीएमसीवाले काका, तुम्हाला जुनी अक्षरं कळतात तर माझ्याकडे आजोबांचे मोडीतले जमिनीचे कागद आहेत. फोटो टाकू का?

पाचपाखाडी
मोडी वेगळी, गुजराती वेगळी. नवा धागा काढा, इथे या मुलीचं राहून जाईल.

कळवा_अकरावी
नवा फोटो आला. वरच्या ओळीत ॲप 9-90-2022 म्हणतंय, म्हणजे १-१०-२०२२ ना? खाली ३१-३ ला हिशेब बंद. ऑक्टोबर ते मार्च सहा महिने, म्हणून १०,००० चे निम्मे.

मी मुद्दे केलेत, बघा:

उभारणीचा खर्च यंत्राच्या किमतीत मिळवायचा.
त्यातून भंगार किंमत वजा करून आयुष्याने भागायचं.
वर्षाच्या मध्ये घेतलं तर पहिल्या वर्षी जेवढे महिने वापरलं तेवढ्यांचाच घसारा.
घसारा खाते डेबिट, यंत्र खाते क्रेडिट.
घसारा भंगार किमतीतून कमी होत जातो.

मसाला_मार्केट
पहिले चार बरोबर. पाचवा खोड. घसारा यंत्राच्या खात्यातल्या शिलकेतून कमी होतो. पानावर तेच आहे: ३१-३-२०२३ ला १,१५,०००, पुढच्या मार्चअखेर १,०५,०००. भंगार किंमत शेवटपर्यंत २०,०००च राहते, ती फक्त भागाकाराआधी एकदा वापरायची.

एक मुद्दा राहिला. पानावर 'न. नु.' असं आखडून लिहिलंय, ते नफा-नुकसान खातं. घसारा खातं वर्षअखेरीला तिकडे नेऊन बंद करतात. दोन नोंदी आहेत, एकीवर थांबू नकोस. आणि प्रत्येक मुद्द्यासमोर याच गणितातला आकडा लिही, नुसत्या वाक्याने परीक्षेत हात चालत नाही.

ऐरोलीची आई
हेच सगळं पुस्तकात आहे. माझ्या मुलीने पुस्तकावरूनच केलं होतं.

पाचपाखाडी
ताई, आहेच. पण सरांनी वर्षाच्या मध्ये खरेदी घातली हे या पानावरूनच कळलं ना?

कळवा_अकरावी
पानाच्या तळाला दुसरी पद्धत सुरू होते, 'घटती बाकी' असं काहीतरी. दर १० टक्के आहे की १५ ते कळत नाही, शाई पसरलीय. घसाऱ्याचा आकडा तिच्या अंगठ्याखाली गेलाय. ती फोन उचलत नाहीये.

मसाला_मार्केट
घटत्या शिलकेची पद्धत. यात भंगार किंमत वजा करायची नाही, दर थेट शिलकेवर लावायचा. सहा महिन्यांचा घसारा १० टक्क्यांनी ६,००० येईल, १५ ने ९,०००. अंगठ्याखाली यातला कोणता आकडा आहे एवढंच तिला विचार, दर आपोआप कळेल. तोवर ही ओळ मुद्द्यांत घेऊ नकोस, चुकीचा दर पाठ व्हायचा. पद्धत मात्र १० धरून दोन वर्षं सोडवून ठेव: ६,०००, मग १,१४,००० वर ११,४००.

ठाणे_पूर्व
सर १५ च देणार. आमच्या वेळी यंत्राला १५ च असायचा.

मसाला_मार्केट
ते गणितात जे लिहिलं असेल त्यावर. अंदाजाने नको.

कळवा_अकरावी
मेसेज टाकून ठेवलाय. उत्तर आलं की इथे लिहिते. तोवर दोन्ही दरांनी करून बघते.

घणसोली_गावठाण
मोडीचा धागा काढला आहे, काका जरा बघा.