उमेदवाराला घरी करायचं असाइनमेंट पाठवताना: तुमचे अनुभव सांगा

शर्वरी_ऐरोली

महापे एमआयडीसीत आमची माल वाहतुकीची छोटी कंपनी आहे. एमआयएसच्या एका जागेसाठी मागच्या वर्षी आम्ही पहिल्यांदाच उमेदवारांना घरी करायचं काम पाठवलं. ते चुकलं ते माझ्यामुळे, म्हणून आधी माझंच सांगते आणि मग तुमचं ऐकायचं आहे.

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता चौघांना मेल केला. सोबत डेपोतली जून महिन्याची डिस्पॅच फाईल होती, साधारण अकराशे ओळींची. प्रत्येक ओळीत एलआर नंबर, गाडी, मार्ग, निघाल्याची आणि पोचल्याची तारीख. मेलमध्ये एवढंच लिहिलं होतं: "फाईलचं विश्लेषण करून सोमवारपर्यंत पाठवावे."

कल्याणच्या एका मुलीने शनिवारी सकाळी विचारलं, "मॅडम, साधारण किती वेळ द्यायचा आणि नेमकं काय शोधायचं?" मी तो मेल सोमवारी वाचला. तिने काम पाठवलंच नाही. दुसऱ्या एकाने 31 पानांचं रंगीत सादरीकरण पाठवलं. ते बघून आम्ही भारावलो आणि त्याला घेतलं. तीन आठवड्यांनी त्याचाच एक आलेख पुन्हा उघडला, तर जूनच्या फाईलमध्ये मार्च आणि ऑक्टोबरच्या गाड्या दिसत होत्या. आमच्यापैकी कोणी तेव्हा बघितलंच नव्हतं, कारण काय बघायचं हेच आम्ही ठरवलेलं नव्हतं. त्या मुलीला उत्तर दिलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

पनवेलचे_भाऊ

ताई, सोपं आहे. तारखांचा कॉलम निवडा, डेटा मेनूत `Text to Columns` घ्या, शेवटच्या पायरीवर `Date: DMY` निवडा. एका मिनिटात सगळ्या तारखा नीट होतात.

घणसोली_टीमलीड

भाऊ, त्यांचा प्रश्न मेल कसा लिहायचा हा आहे. पण तुमच्या उपायातही एक खाच आहे आणि तीच या असाइनमेंटची खरी परीक्षा आहे.

डेपोतल्या कॉम्प्युटरवर तारखेची सेटिंग अमेरिकन असणार, आधी महिना आणि मग दिवस. 13 ते 30 जूनच्या तारखा त्याला कळल्याच नाहीत, म्हणून त्या मजकूर म्हणून राहिल्या आणि सेलमध्ये डावीकडे चिकटल्या. त्या तुमच्या पद्धतीने सुधारतील. पण 1 ते 12 तारखांमध्ये दिवस आणि महिना गुपचूप उलटे झाले. 05-06 म्हणजे 6 मे झाला. त्या खऱ्या तारखा होऊन उजवीकडे बसल्यात आणि `Text to Columns` त्यांना हात लावत नाही. 5 जूनला निघून 7 जूनला पोचलेली गाडी हिशेबात 61 दिवस लावते. ओळखायचं कसं, तर जूनच्या फाईलमध्ये दुसऱ्याच महिन्यांची 6 तारीख सारखी दिसायला लागते.

शर्वरीताई, असं काम पाठवायच्या आधी तुमच्यातल्या कोणीतरी घड्याळ लावून ते करायला हवं. आम्ही तसं करतो, आणि जो वेळ येतो त्याच्या जवळजवळ दुप्पट उमेदवाराला सांगतो. आपल्या माणसाला फाईल ओळखीची असते, त्याला नसते. दुसरं, त्या फाईलमध्ये ड्रायव्हरचे मोबाईल नंबर होते का?

शर्वरी_ऐरोली

होते. गिऱ्हाइकांची नावंही होती. चौघांकडे तशीच गेली. आता नावं बदलून, नंबरांचा कॉलम काढून पाठवतो.

घड्याळाचंही खरं आहे. मला वाटलं होतं अर्ध्या तासाचं काम आहे. आमच्या सहकाऱ्याने करून बघितलं, त्याला 1 तास 40 मिनिटं लागली. मग आम्ही मेल नव्याने लिहिला, तो असा:

"सोबतच्या फाईलवरून दोन प्रश्नांची उत्तरं द्या. एक, कोणत्या मार्गावर गाड्या सर्वांत उशिरा पोचतात? दोन, हे कशावरून म्हणता? फाईलमध्ये चुका आहेत, सापडतील त्या लिहून ठेवा. काम तीन तासांचं आहे. आजपासून पाच दिवसांत सोयीच्या वेळी करा. तीन तासांत झालं नाही तर थांबा आणि पुढे काय केलं असतं ते चार ओळींत लिहा. एक्सेल फाईल आणि मॅनेजरला समजेल असं अर्ध्या पानाचं टिपण पाठवा. 100 पैकी 40 गुण चुका शोधून दुरुस्त करण्याला, 30 बरोबर आणि तपासता येणाऱ्या उत्तराला, 30 टिपणाला. सजावटीला गुण नाहीत. शंका या नंबरवर विचारा, त्याच दिवशी उत्तर मिळेल."

नौपाडा_निनाद

गुण आधी सांगू नका, असं माझं मत आहे. आम्ही एकदा बारा मुद्द्यांची यादी दिली होती. सगळ्यांनी यादीबरहुकूम काम केलं आणि सगळे सारखेच दिसले. आणि तीन तास म्हणता तर लिंक उघडल्यापासून घड्याळ चालू व्हायला हवं. नाहीतर ज्याला घरी काही काम नाही तो दोन दिवस बसतो आणि प्रामाणिक माणूस मागे पडतो.

घणसोली_टीमलीड

यादीबद्दल तुमचं पटतं, बारा मुद्दे म्हणजे उत्तरपत्रिकाच झाली. पण "चुका शोधण्याला 40" म्हटल्याने कुठली चूक ते कळत नाही, फक्त वेळ कुठे घालवायचा ते कळतं. तेवढं सांगायलाच हवं.

घड्याळाचं मला पटत नाही. आमच्याकडे एकदा लिंक उघडल्यावर दिवा गावात वीज गेली आणि चांगला उमेदवार हातचा गेला. जास्त वेळ लावणारा नंतरच्या बोलण्यात कळतो. आम्ही वीस मिनिटं त्याचीच फाईल उघडून बसतो आणि विचारतो, "ही ओळ का काढलीत? हा मार्ग वगळला तर उत्तर बदलेल का?" ज्याने स्वतः केलंय तो लगेच सेल दाखवतो.

शर्वरीताईंसाठी अजून एक: तपासणारे दोघे असू द्या. आधी वेगवेगळे गुण द्यायचे, मगच एकमेकांना दाखवायचे. 31 पानांनी भारावणं त्याने बरंच कमी होतं.

वाशीची_मीरा

मी दुसऱ्या बाजूची. चित्रं काढते. ठाण्यातल्या एका एजन्सीने दिवाळीच्या मोहिमेसाठी सहा पोस्ट मागवल्या होत्या, "असाइनमेंट" म्हणून. वेळेची मर्यादा नाही, निकष नाहीत. मी चार रात्री जागले. नोकरी मिळाली नाही, उत्तरही आलं नाही, आणि दिवाळीत माझीच पणतीची रचना रंग बदलून त्यांच्या गिऱ्हाइकाच्या पानावर दिसली. तेव्हापासून मी आधी लेखी विचारते की हे काम वापरणार का. शर्वरी, तुमच्या मेलमध्ये ती एक ओळ नाही.

शर्वरी_ऐरोली

खरंच नाही. आमची फाईल जुन्या महिन्याची आहे, हिशेब केव्हाच झालेले आहेत, म्हणून सुचलंच नाही. पण उमेदवाराला ते कसं कळणार? आजच घालते: "हे काम फक्त निवडीसाठी आहे, कंपनी ते वापरणार नाही."

कोपरी_एचआर

मग तीन तासांचे पैसे द्यायला काय हरकत आहे? आम्ही शेवटच्या दोघा-तिघांनाच असाइनमेंट देतो आणि ठरलेली रक्कम देतो. आधी फोनवर बोलून चाळणी केली की खर्च फार होत नाही.

नौपाडा_निनाद

फ्रेशरच्या जागेला साठ अर्ज येतात. फोनवर चाळणी करायला आमच्याकडे एकच मुलगी आहे. तिथे असाइनमेंट हीच चाळणी असते.

वाशीची_मीरा

साठ जणांचे प्रत्येकी तीन तास म्हणजे 180 तास, निनाद. आणि त्यांतली किती कामं तुम्ही शेवटपर्यंत उघडून बघता?

नौपाडा_निनाद

सगळी नाही बघत. चाळणीसाठी वीस मिनिटांचा एकच प्रश्न ठेवता येईल का, ते सोमवारी टीमशी बोलतो. पैशांचं मात्र मालक ऐकतील असं वाटत नाही.

शर्वरी_ऐरोली

नव्या मेलवर पाच जणांची कामं आली. उलट्या झालेल्या तारखा एकीनेच पकडल्या, पण सगळ्या दुरुस्त करायच्या आत तिचे तीन तास संपले. तिने लिहिलं होतं, "पहिल्या बारा दिवसांचे आकडे धरू नका, दिवस-महिना उलटलाय. वेळ असता तर दुसऱ्या कॉलममध्ये फिरवून घेतले असते." ती आता आमच्याकडे आहे. कल्याणच्या त्या मुलीलाही मी फोन केला होता. तिला तोवर दुसरीकडे नोकरी लागली होती.