दगड नसताना पिझ्झा: ओटीजी की झाकलेला तवा?

गोट्टीगाव: ओटीजी २५० अंशांपर्यंत जाते. पाककृतीप्रमाणे १८० वर २० मिनिटं ठेवला. चीज लाल झालं, बेस मात्र खालून पांढरा आणि वर चामड्यासारखा. पिझ्झा भाजायचा खास दगड घ्यायचा नाही. काय करू?

खमीर: १८० हे केकचं तापमान आहे. इतका वेळ ठेवलं की वरचं पाणी उडतं, आणि गार ॲल्युमिनियमच्या ट्रेवर खालची बाजू मात्र भाजतच नाही. इतवारीच्या बाजारातून बिनदांड्याचा जाड लोखंडी तवा आणा आणि मधल्या जाळीवर पालथा ठेवा. दोन्ही रॉड लावून २५० वर ४० मिनिटं तापवा. दिवा आधीच विझेल, पण त्याचा अर्थ हवा तापली एवढाच. लोखंडाला वेळ लागतो. पालथ्या ताटावर रवा भुरभुरून त्यावर पिझ्झा लाटा. सॉस लावल्यावर रेंगाळू नका, नाहीतर तो ताटाला चिकटतो. लगेच तव्यावर सरकवा. ८ ते १० मिनिटं पुरतात. सहाव्या मिनिटाला उलथन्याने कड उचलून पाहा. खाली डाग पडलेत आणि चीज अजून फिकं असेल, तर शेवटी फक्त वरचा रॉड ठेवा.

बर्डीवाला: नागपुरात मे महिन्यात ४० मिनिटं भट्टी पेटवायची? बाप्पा! एक पिझ्झा अन् एक युनिट वीज. बिडाचा तवा मध्यम आचेवर तापवा, बेस एका बाजूने २ मिनिटं भाजा, उलटा, भाजलेल्या बाजूला सॉस अन् चीज, झाकण, मंद आच ५-६ मिनिटं. ओटीजीसारखाच होतो, चीजही लाल होतं.

खमीर: उलटायची युक्ती उत्तम, भाजलेल्या बाजूत सॉस मुरत नाही. पण चीज लाल होणार नाही. झाकणाखाली वाफ असते, त्यात ते फक्त वितळतं. झाकणाचं पाणी टपकून बेस ओला होतो, म्हणून दोनदा आतून पुसा आणि शेवटचा मिनिट झाकण तिरपं ठेवा. विजेचं म्हणाल तर थर्मोस्टॅट मध्ये मध्ये रॉड बंद करतो. १५०० वॅटच्या ओटीजीत तापवायला युनिटही पुरं लागत नाही.

सोनपापडी: मी बेकरीतला तयार बेस आणते. तो २५० वर दगडासारखा कडक होतो, मग हे तापमान चूकच ना?

खमीर: तो आधीच भाजलेला असतो, ताई. त्याला २०० वर ६-७ मिनिटं, चीज वितळेपर्यंतच. इथे कच्च्या पिठाचं चाललंय.

गोट्टीगाव: पीठ २५० ग्रॅम मैद्याला १६० मिली पाणी, पाव चमचा यीस्ट. दुपारी ओट्यावर ठेवलं तर तीन तासांत आंबट वास येऊन पसरतं.

खमीर: या उन्हात गार पाण्याने मळा, तासभर बाहेर, मग रात्रभर फ्रिजमध्ये. फार आंबलेलं पीठ लालही होत नाही, साखर संपलेली असते. तुमच्या पांढऱ्या बेसमागे तेही असेल.

बर्डीवाला: चीज लाल नाही झालं तर नाही. तीन पोरं ताटकळत बसली की तवाच बरा, एक खाईपर्यंत दुसरा तयार.

खमीर: तवा तापल्यावर ओटीजीतही दुसऱ्याला १० मिनिटंच लागतात, भाऊ.