फॅमिली खात्यात मैल दिसतच नाहीत, मदत हवी आहे

घोडबंदरची_मुग्धा: काल रात्री अडीच तास यात गेले. मी, नवरा आणि मुलगा असं एअरलाइनच्या मैलांचं फॅमिली खातं उघडलं. नवऱ्याचे १८ हजार, माझे ९ आणि मुलाचे ६, म्हणजे ३३ हजार दिसायला हवेत. दिसतंय शून्य! नवऱ्याचे बरेचसे मैल या महिनाअखेर बुडतायत. दिवाळीत आईला दुबईला न्यायचंय. पटकन सांगा.

पाचपाखाडीचा_पक्या: एअरलाइन कुठली? तेवढंच लिहायचं राहिलं.

घोडबंदरची_मुग्धा: दुबई म्हटल्यावर कळेल वाटलं. एमिरेट्स.

सानपाडाकर: खातं जोडलं की सगळ्यांचे जुने पॉइंट आपोआप एकत्र होतात. आमचे झाले होते. लॉगआउट करून परत बघा.

वाशीची_वर्षा: सानपाडाकर, तुमचं ब्रिटिश एअरवेजचं असणार. तिथे जुने आव्हिओस पॉइंट धरले जातात आणि तिकीट काढलं की प्रत्येकाच्या शिल्लकीतून त्या प्रमाणात कापले जातात. एमिरेट्सच्या स्कायवर्ड्समध्ये फॅमिलीत आल्यानंतर कमावलेलेच मैल सामायिक खात्यात येतात, जुने ज्याच्या त्याच्याकडेच राहतात. म्हणून शून्य. मुग्धाताई, नवऱ्याचा वाढदिवस याच महिन्यात ना?

घोडबंदरची_मुग्धा: हो! तुम्हाला कसं कळलं?

वाशीची_वर्षा: तिथे मैल तिसऱ्या वर्षी वाढदिवसाच्या महिन्याअखेर जातात.

सानपाडाकर: मग पैसे भरून तुमचे मैल त्यांच्या नावावर ट्रान्स्फर करा, विषय संपला.

वाशीची_वर्षा: कशाला? हजारामागे पैसे मोजायचे आणि बुडणारे तर त्यांच्याचकडे आहेत. त्यांच्या लॉगिनने आईचंच तिकीट काढा. मैल आपल्या खात्यातले असले तरी प्रवास दुसऱ्याने केलेला चालतो. महिनाअखेरीच्या आत बुकिंग झालं पाहिजे, प्रवास दिवाळीत असला तरी हरकत नाही. पूर्ण तिकिटाला मैल कमी पडले तर कॅश प्लस माइल्स आहे, २ हजारांपासून वापरता येतं. फक्त दोन खात्यांचे जुने मैल एका तिकिटाला जोडता येणार नाहीत. आणि मैलांच्या तिकिटावरही कर आणि इतर आकार रोख भरावे लागतात, ते फुकट समजू नका.

कोपरखैरणे_काका: नवी मुंबईच्या नव्या विमानतळावरून काढता येईल का? आम्हाला सहार म्हणजे शिक्षा आहे.

पाचपाखाडीचा_पक्या: काका, वेगळा धागा काढा. मुग्धा, माझ्या मित्राने उरलेले मैल व्हॉट्सअॅप ग्रुपवर विकले होते…

वाशीची_वर्षा: आणि खातं बंद होऊन बसलं तर? विकणं नियमात बसत नाही.

पाचपाखाडीचा_पक्या: त्याचं अजून चालू आहे.

घोडबंदरची_मुग्धा: नवऱ्याच्या लॉगिनने आईची दुबईची तारीख बघतेय, जागा दिसतेय. पण आईची तब्येत बिघडली आणि तिकीट रद्द केलं, तर मुदत गेलेले मैल परत मिळतील का?

कोपरखैरणे_काका: पनवेलहून सोपं पडेल हो.