मदत हवी आहे: पेपरांचा सीव्ही डेटाच्या नोकरीसाठी कसा बदलू?

नमस्कार मंडळी, मी नागपूरची, संख्याशास्त्रात पीएचडी. डेटा अ‍ॅनालिस्टसाठी अर्ज करतेय, पण सीव्हीची चार पानं नुसत्या पेपरांनी भरलीत. एका पेपराचं नाव काढून त्याजागी काम लिहून पाहिलं:

"काटोलच्या संत्राबागांच्या विस्कळीत नोंदी पायथनमध्ये साफ केल्या, हवामानाशी जोडून उत्पादनाचा अंदाज बांधला, सरासरी चूक 24 वरून 17 टक्क्यांवर."

यातले 24 टक्के म्हणजे मागच्या वर्षीचाच आकडा यंदा धरला तर होणारी चूक. ही तुलना ओळीतच सांगावी, की मुलाखतीत? आणि अंदाज कोणी प्रत्यक्ष वापरलाच नसेल, तर परिणाम म्हणून काय लिहायचं? बाकी पेपर "निवडक प्रकाशने" म्हणून शेवटी दोन ओळींत टाकतेय. भरती करणाऱ्यांनी जरा सांगा ना.