मदत हवी आहे: तेल उडून फोड आलाय, फोडू का?

रसिका_७: पुऱ्या तळताना तेल उडालं. हाताला टम्म फोड आलाय, खूप चुरचुरतंय. सुईने फोडून पाणी काढलं तर आराम पडेल का? लवकर सांगा.

पाटणकर_अ: हाताला म्हणजे नेमकं कुठे? केव्हा उडालं? फोड केवढा? नळाखाली धरला होता का, आणि किती वेळ?

गोडांबा: तेल उडतं ते पुरीला ओलसरपणा राहिल्यामुळे. कणीक घट्ट मळा, लाटताना पाणी लावू नका, आणि पुरी कढईच्या कडेने आपल्यापासून लांब सरकवत सोडा.

रसिका_७: @गोडांबा, पुऱ्या झाल्या हो! उजव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला. दोन फोड हरभऱ्याच्या डाळीएवढे, एक रुपयाच्या नाण्याएवढा. दीड तास झाला. एक मिनिट पाण्याखाली धरला, मग बर्फ फिरवला आणि हळद लावली.

पाटणकर_अ: आधी बांगड्या, घड्याळ, अंगठी काढा. सूज चढली की निघणार नाहीत. मग हात परत नळाखाली धरा, चांगली वीस मिनिटं, घड्याळ लावून. धार बारीक ठेवा आणि फोडाच्या जरा वर पडू द्या, म्हणजे फोड फुटणार नाही. हळद आपोआप निघेल तेवढी निघू दे, घासू नका.

नाना_खोत: दीड तासाने पाणी मारून काय उपयोग? जे भाजायचं ते भाजून झालं. आता मलम लावा.

पाटणकर_अ: नाना, लगेच केलं तर सगळ्यात चांगलं, हे बरोबर. पण तीन तासांपर्यंत फायदा होतो. कातडी वरून गार लागली तरी आतली इजा काही वेळ वाढतच असते. पाण्याने ती आटोक्यात राहते आणि आगही कमी होते. एका मिनिटात ते होत नाही. बर्फाने मात्र रक्तवाहिन्या आकसतात, भाजलेल्या भागाला रक्त कमी पोचतं आणि जखम खोल जाऊ शकते.

रसिका_७: नळाला गच्चीवरच्या टाकीचं पाणी येतंय, कोमट आहे. माठातलं चालेल?

पाटणकर_अ: चालेल, उत्तम. बादलीवर हात धरून तांब्याने संथ ओतत राहा. पाणी कमी असेल तर स्वच्छ ओलं फडकं ठेवा, पण ते मिनिटभरात गरम होतं, म्हणून सारखं बदला.

सई_मावशी: माझ्या कोपरावरचा कुकरचा डाग कोरफडीने चार महिन्यांत गेला. रोज गर लावा.

पाटणकर_अ: मावशी, डागाचं नंतर बघू. आत्ता त्या जागी घरातला गर, टूथपेस्ट, तूप काहीच नको.

रसिका_७: झाली वीस मिनिटं. आग बरीच कमी झाली. आता फोडाचं सांगा ना!

नाना_खोत: सुई गॅसवर लाल करून कडेला टोचा, पाणी काढा, कातडी तशीच राहू द्या. दवाखान्यातही मोठे फोड फोडतात.

पाटणकर_अ: दवाखान्यात फोडतात हे खरं. पण तिथे हातमोजे असतात, निर्जंतुक साहित्य असतं आणि खालची जखम किती खोल आहे ते बघायचं असतं. घरच्या सुईच्या भोकातून आत जंतू जायला वाट मिळते. फोडावरची कातडी हेच सध्या सगळ्यात चांगलं झाकण आहे. छोटे दोन अजिबात हात न लावता ठेवा. आतलं पाणी हळूहळू जिरतं. मोठा सांध्यावर आहे, हलताना ताणून फुटेल, म्हणून तो डॉक्टरांना आजच दाखवा. काढायचा की ठेवायचा ते त्यांना ठरवू दे. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलंय तेही त्यांना सांगा.

नाना_खोत: रुपयाएवढ्या फोडासाठी दवाखाना! कमाल आहे.

देवयानी_क: नाना, मनगट आहे ते. @रसिका, डायबेटिस आहे का? आणि फोडाशेजारच्या लाल भागावर हलकं दाबून बघ. पांढरं होऊन परत लाल होतं का?

रसिका_७: डायबेटिस नाही. होतं परत लाल. दुखतंय मात्र.

देवयानी_क: ते चांगलं लक्षण. कातडी पांढरीफटक किंवा चामड्यासारखी असती आणि दुखतच नसतं, तर खोल भाजलंय म्हणायचं. जाईपर्यंत औषधाच्या दुकानातली पॅराफिनची जाळी ठेव, वर कोरडं गॉज, पट्टी सैल. कापूस नको, तंतू चिकटतात. चांदीचं पांढरं मलम स्वतःहून फासू नकोस, त्याचा थर बसला की डॉक्टरांना खालचा रंग दिसत नाही. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालत असेल तर घे.

रसिका_७: आणि दवाखान्यात पोचायच्या आतच फुटला तर?

देवयानी_क: साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने हळूच धू, सुटलेली कातडी ओढू नकोस, तशीच पसरून वर जाळी ठेव. पुढच्या दिवसांत लाली पसरली, ठणका वाढला, पू किंवा वास आला, ताप आला तर थांबू नकोस. दोन आठवड्यांत भरलं नाही तरी परत दाखव.

रसिका_७: जाते. उद्या कणीक मळली तर चालेल?

देवयानी_क: नको. मनगट वाकून फोडच फुटेल.

गोडांबा: पोळ्या बाहेरून मागवा. पुऱ्या टम्म फुगल्या होत्या का पण?