मदत हवी आहे: ऑफर लेटर आलंय पण पैसे मागतायत, अर्जंट

पिंट्या_सातारकर: मोठ्या आयटी कंपनीचं ऑफर लेटर आलंय, लोगो सही शिक्का सगळं आहे, पण लॅपटॉप डिपॉझिट २,८५० भरा म्हणतायत, रिफंडेबल. उद्या १२ पर्यंत मुदत. खरं आहे का फटाफट सांगा.

घाटावरचा: मेल कुठल्या पत्त्यावरून आला? मुलाखत झाली का? पैसे कुणाच्या नावावर मागितलेत?

पिंट्या_सातारकर: फोनवर दहा मिनिटं झाली. नाव HR Team असंच दिसतंय.

सुलभा_ताई: आमच्या भाच्यानं असेच भरले, मग युनिफॉर्मचे मागितले, मग पोलीस व्हेरिफिकेशनचे. एकूण ११ हजार गेले. बाळा, भरू नकोस.

टेकी_बंड्या: जीमेलमध्ये तीन टिंबांवर क्लिक कर, Show original उघड. तिथं SPF आणि DKIM, म्हणजे मेल कुठून आला ते तपासणाऱ्या चाचण्या, त्यांच्यासमोर PASS असेल तर मेल खरा.

घाटावरचा: अर्धंच बरोबर आहे बंड्या. PASS चा अर्थ एवढाच की मेल त्या डोमेनवरूनच निघालाय. ठगानं कंपनीच्या नावापुढे डॅश टाकून careers असं स्वतःचं डोमेन घेतलं तर तेही आरामात PASS होतं. @ च्या पुढचं अक्षर अक्षर वाच आणि खाली Reply-To, म्हणजे तुझं उत्तर जिथं जाईल तो पत्ता, वेगळा आहे का बघ.

टेकी_बंड्या: फेल झाला तर खोटा हे तरी खरं ना?

घाटावरचा: तेही नेहमी नाही, फॉरवर्ड केलेला मेल कधीकधी फेल होतो.

पिंट्या_सातारकर: From मध्ये कंपनीचं नाव, डॅश, careers. Reply-To मध्ये साधा जीमेल 😐 आणि यूपीआयला कुणातरी बाईचं नाव येतंय.

घाटावरचा: मग संपलंच की. आता त्या मेलला रिप्लाय देऊच नको, 'नको' म्हणूनही नाही, पत्ता चालू आहे हे कळतं त्यांना. कंपनीची साइट स्वतः टाइप करून उघड, तिथला एचआरचा पत्ता घे आणि नवीन मेल लिही: 'सोबतचं पत्र तुम्ही पाठवलंय का?' बस. लेटर जोड, बाकी एक कागद नको. कागद काही पाठवलेत का?

पिंट्या_सातारकर: आधार, पॅन आणि कॅन्सल चेक, परवाच.

घाटावरचा: हे आधी सांगायचं रे! बँकेला कळव, एमआधार अ‍ॅपमधून बायोमेट्रिक लॉक कर. पॅनवर कुणी कर्ज काढलंय का ते सिबिलमध्ये महिनाभरानं बघ. पैसे गेले असते तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावावी लागली असती, तक्रार तरीही cybercrime.gov.in वर टाक, मेलचे स्क्रीनशॉट जपून ठेव.

निवांत_नाना: बाँड किती वर्षांचा आहे? दोन वर्षांच्या वर सही करू नये.

सुलभा_ताई: नाना, नोकरीच नाहीये, बाँड कसला.

पिंट्या_सातारकर: आत्ता फोन आला, म्हणाले आज अर्धे भरले तरी चालेल, नाहीतर सीट दुसऱ्याला. आईला मी पेढे आणायला सांगितलेत सकाळी, आता तिला काय सांगू?